समर कॅम्प बिघडतो तो मधल्या वेळेत: २४ मुलं, ६ दिवस आणि सगळं प्लॅनिंग

पहिल्या वर्षी मी खेळांची अडीच पानी यादी केली होती आणि ती पहिल्याच दिवशी दीड तासात संपली. खेळ कमी नव्हते हो, पण एका खेळातून दुसऱ्यात जाताना जी दहा मिनिटं जातात, कोणी पाणी पितंय, कोणी बाथरूमला गेलंय, मी चुना आखतेय आणि वीस मुलं नुसती उभी आहेत, त्या दहा मिनिटांत दोन भांडणं, एक फुटलेला गुडघा आणि "मला घरी जायचंय" हे सगळं झालं. तेव्हापासून मी कॅम्प आखते तो मुलं रिकामी कधी आणि किती वेळ असणार हे बघून, खेळ कुठले हे नंतर.

खाली २४ मुलांचं गणित धरलंय, वय ६ ते ११, सोमवार ते शनिवार, सकाळी ८ ते ११. उन्हाळा आहे म्हणून सकाळ, आणि ३ तास अशासाठी की त्यापुढे लहान मुलं आणि हेल्पर दोघंही चिडचिडे होतात. तुमच्याकडे १५ मुलं असतील तर १५ चं गणित करा, पद्धत तीच.

मुलं किती घ्यायची हे मोठ्या माणसांवर ठरतं

सगळे उलटं करतात, आधी नावं घेत सुटतात आणि मग माणसं शोधतात. ब्रिटनमध्ये मुलांच्या सुरक्षेवर काम करणारी एनएसपीसीसी नावाची संस्था आहे, त्यांचं सांगणं असं की ४ ते ८ वयाच्या ६ मुलांमागे एक मोठा माणूस हवा, ९ ते १२ वयाच्या ८ मुलांमागे एक, आणि मुलं कितीही कमी असली तरी मोठी माणसं दोन हवीतच. तुमच्याकडे सरकारी नियम वेगळा असेल तर तो पाळा, नसेल तर हा आकडा धरून चालायला चांगला आहे.

मी सगळ्यांनाच सहाचा हिशोब लावते. म्हणजे २४ मुलांचे सहा-सहाचे ४ गट, प्रत्येक गटाला एक मोठा माणूस, आणि पाचवा माणूस ज्याला गटच नाही. हा पाचवा फार महत्त्वाचा. मी त्याला 'फिरता' म्हणते. उशिरा आलेलं मूल, बाथरूम, रक्त आलेलं बोट, दारात उभे राहिलेले पालक हे सगळं त्याचं. फिरता नसला की हे काम गटवाल्या माणसाकडे जातं आणि तेवढ्या वेळापुरती त्याची सहा मुलं मोकळी सुटतात. पाच मोठे रोज मिळणार नसतील तर मुलं कमी घ्या, १२ मुलांचा कॅम्पही मस्त होतो. शिवाय एक राखीव माणूस फोनवर ठेवा, सहा दिवसांत एक जण आजारी पडतोच.

१४ ते १७ वयाची ताई-दादा मंडळी हौसेने येतात, घ्याच, पण त्यांना मोठ्यांच्या मोजणीत धरू नका. आणि "जरा मदत कर" एवढंच सांगितलं तर ते कोपऱ्यात मोबाईल बघत बसतात, त्यात त्यांची चूक नाही, कारण काम कुठलं ते कोणी सांगितलेलंच नसतं. "तू रोज सव्वाआठला हजेरीचा कागद घेऊन दारात, नऊला पाण्याच्या बाटल्या मैदानावर, दहाला हात धुवायच्या रांगेपाशी" असं सांगा, मग बघा किती चोख करतात ते.

आदल्या दिवशी सगळ्या हेल्परना तासभर त्याच जागेवर बोलवा, फोनवर नाही. दार कुठलं बंद ठेवायचं, ऊन किती वाजता कुठे येतं, नळ कुठे आहे, हे उभं राहूनच कळतं.

पैसे: २४ ने भागू नका

खर्च दोन जातीचे. एक, मुलं कितीही आली तरी होणारच असा, म्हणजे जागा, फर्स्ट एड पेटी, चटया, झेरॉक्स, दोरी-बॉल. दुसरा, दर मुलामागे वाढणारा, म्हणजे क्राफ्टचं सामान, खाऊ, नावाचा बिल्ला.

हिशोब समजायला आकडे नुसते मनचे घेऊ, तुमच्या चलनात तुमचे टाका. समजा ठरलेला खर्च ३,६०० आणि दर मुलामागे १५०. २४ मुलं येणार म्हणून ३,६०० ला २४ ने भागलं तर १५० येतात, अधिक १५०, फी ३००. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात १८ च आली तर जमा ५,४०० आणि खर्च ३,६०० अधिक २,७०० म्हणजे ६,३००. तुमच्या खिशातून ९००. म्हणून भागाकार नेहमी कमीत कमी जेवढी मुलं नक्की येतील त्या आकड्याने करायचा. इथे १८ ने भागलं तर २०० अधिक १५०, म्हणजे ३५०, आणि त्यावर दहा टक्के वरचे म्हणून ३८५. २४ आली तर पैसे उरतील, ते परत द्या किंवा पुढच्या वर्षीसाठी ठेवा, पण काय करणार ते आधीच सांगून ठेवा.

हेल्परची स्वतःची मुलं फुकट ठेवायची असतील तर ती १८ मध्ये धरायची नाहीत, खर्चात मात्र धरायची. हे मी एकदा विसरले होते, चार मुलं फुकटची निघाली. आणि मूल दोन दिवसांनी आलंच नाही तर पैसे परत मिळणार का, हेही फॉर्मवरच लिहा, नंतर शेजाऱ्यांशी यावरून तोंड वाकडं व्हायला नको.

फॉर्ममध्ये काय विचारायचं

तीन आठवडे आधी एक पान द्या. नाव, वय, दोन फोन नंबर (एक लागला नाही तर दुसरा), कशाची अ‍ॅलर्जी आहे, दमा किंवा फिट येणं असं काही आहे का, औषध किंवा इनहेलर सोबत असणार का, फोटो काढलेले चालतील का, आणि घ्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं. शेवटी मी एक मोकळा प्रश्न टाकते, "तुमच्या मुलाला कशाची भीती वाटते किंवा काय झालं की ते रुसतं?" याची उत्तरं सगळ्यात कामाची निघतात. एका आईने लिहिलं होतं की फुगा फुटला की हा टेबलाखाली जाऊन बसतो. फुगे मी त्यानंतर आणलेच नाहीत. तसेही न फुगवलेले फुगे आणि फुटक्या फुग्याचे तुकडे घशात अडकतात, आठ वर्षांखालच्या मुलांसाठी ती खरोखर धोक्याची वस्तू आहे.

अ‍ॅलर्जीची यादी हेल्परच्या खिशात हवी, घरच्या फाइलमध्ये नको. खाऊ साधा ठेवा आणि सगळ्यांना तोच, फळ आणि पाणी चालतं. शेंगदाणे आणि सुकामेवा मी सरळ बंद ठेवते.

दिवस कसा जातो

८ वाजता पहिलं मूल येतं आणि ८.२० ला शेवटचं, या वीस मिनिटांत खेळ सुरू करता येत नाही आणि मुलांना नुसतं बसवताही येत नाही. म्हणून जमिनीवर एक लांबलचक कागद पसरून खडू टाकून ठेवते, जो येईल तो आपला चित्र काढायला बसतो, कोणी कधीही आलं-गेलं तरी बिघडत नाही. ८.२० ला गोल, हजेरी. साडेआठ ते नऊ पळायचे खेळ कारण ऊन अजून कमी असतं. मग पाणी आणि सावली. सव्वानऊ ते दहा क्राफ्ट. हात धुणं आणि खाऊ यात वीस मिनिटं सहज जातात, पाच मिनिटं धरली तर फसाल. मग एक बसून खेळायचा खेळ, १०.३५ ला गोष्ट, १०.५५ ला घरी.

पुढचं सामान आधीचं चालू असतानाच मांडलेलं असलं पाहिजे. मुलं पळत असताना फिरता आणि ताई-दादा क्राफ्टच्या चटया लावून ठेवतात.

खेळ: किती वेळ उभं राहावं लागतं ते मोजा

साधी रिले घ्या. २४ मुलांच्या दोन रांगा केल्या तर एका रांगेत १२. एक फेरी २० सेकंदांची धरली तर एक मूल २० सेकंद पळतं आणि पुढचा नंबर यायला ३ मिनिटं ४० सेकंद उभं राहतं. एवढ्या वेळात पुढच्याचे केस ओढले गेले नाहीत तरच नवल. तोच खेळ प्रत्येक गटाच्या दोन रांगा करून तीन-तीन मुलांचा खेळवला तर वाट बघणं फक्त ४० सेकंद. खेळ तोच, भांडणं गायब.

दुसरं म्हणजे बाद होण्याचे खेळ. स्टॅच्यूमध्ये जो हलला तो बाहेर, म्हणजे ज्याला खेळायची सगळ्यात जास्त गरज आहे असं चुळबुळं मूलच पहिल्या मिनिटाला बाहेर बसतं. मी नियम बदलते, जो हलला तो माझ्या बाजूला येऊन पंच होतो आणि पुढचा हलणारा पकडतो, पकडला की परत आत. पंच व्हायला मिळतं म्हणून काही जण मुद्दाम हलतात, हलू देत.

खेळ रंगात असतानाच थांबवायचा. मुलं "अजून एकदा" म्हणत असतील तर उद्या तोच परत घेता येतो, नवीन शोधायला नको. रोज दोन जुने आणि एक नवा एवढंच मी ठेवते.

क्राफ्ट: रोज नवीन नको, एकच वस्तू सहा दिवस

रोज नवीन वस्तू म्हणजे रोज नवीन सामान, नवीन समजावणं आणि घरी जाताना अर्धवट ओले कागद. त्यापेक्षा कागदाच्या डोक्याची बाहुली करा, जी शनिवारी नाटकात वापरायची आहे, मग क्राफ्ट आणि गोष्ट एकाच धाग्यात येतात.

सोमवारी पुठ्ठ्याची नळी (टिश्यू रोलची चालते) घ्यायची, तिच्या टोकावर रद्दीच्या कागदाचा घट्ट बोळा बसवून मास्किंग टेपने गुंडाळायचा, तोच गळा आणि डोकं. टेप एका डोक्याला दोन मीटर जातो, म्हणजे २४ ना ४८ मीटर, २० मीटरची तीन रिळं आणि एक जास्तीचं. त्यावर त्याच दिवशी कागदाच्या पट्ट्यांचा पहिला थर आणि मंगळवारी दुसरा. पट्ट्या दोन बोटं रुंद आणि हाताने फाडलेल्या हव्यात, कात्रीने कापल्या तर कडा उभ्या राहतात आणि फाडलेली कड चपटी चिकटते. खळ म्हणजे एक वाटी पीठ आणि दोन वाट्या पाणी, गुठळ्या मोडून. दीड किलो पीठ दोन दिवसांना पुरतं. पण ती रोज ताजी करा, उन्हाळ्यात आदल्या दिवशीची खळ आंबते आणि वास येतो. कोणाला गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर त्या गटाला पांढरा गोंद पाण्यात पातळ करून द्या, सगळ्या गटाला, एकट्याला वेगळं पाडायचं नाही.

इथे हमखास चुकतं ते असं. मुलं पट्टी खळीत बुडवतात आणि तशीच थबथबीत लावतात, बाहेरून वाळल्यासारखं दिसतं पण आत ओलं राहतं आणि गुरुवारपर्यंत बुरशीचा वास. पट्टी बुडवून झाली की दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जास्तीची खळ काढायची, एवढी एकच गोष्ट प्रत्येक मुलाच्या शेजारी बसून दाखवा. वाळलं की नाही बघायचं असेल तर डोकं गालाला लावा, गार लागलं तर आत अजून ओल आहे. बुधवार पूर्ण वाळण्यासाठी सोडायचा, त्या दिवशी मुलं पडद्यामागचं चित्र रंगवतात. नळ्या भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर उभ्या खोचून ठेवल्या की डोकं चहूबाजूंनी वाळतं. गुरुवारी चेहरा रंगवणं, शुक्रवारी लोकरीचे केस आणि चिंधीचा अंगरखा.

आणि नाव. खळ लावायच्या आधी, नळीच्या आतल्या बाजूला, पेन्सिलने. एका वर्षी आम्ही हे विसरलो आणि मंगळवारी समोर २२ सारखे करडे गोळे. एक मुलगी प्रत्येक गोळा उचलून हुंगत होती, "माझ्याला माझ्या साबणाचा वास आहे" म्हणून, आणि तिचा तिला खरंच सापडला, बाकीच्यांनी मात्र रडारड केली.

बाहुली आधी स्वतः करून बघा आणि तुम्हाला लागलेल्या वेळाला अडीचने गुणा. डोक्याचा बोळा गुंडाळायला तुम्हाला दहा मिनिटं लागली तर मुलांना पंचवीस. कात्र्या गोल टोकाच्या, कटर फक्त मोठ्यांकडे, आणि ग्लू गन मुलांच्या जागेवर आणूच नका, 'कमी तापणारी' म्हणून विकतात तीही चटका देते.

गोष्ट

गोष्ट दिवसाच्या शेवटी, कारण पालक येतात तेव्हा मुलं शांत बसलेली हवीत, इकडेतिकडे धावणाऱ्या मुलांतून आपलं मूल शोधत पालक आत शिरले की दारावर कोणाचाच ताबा राहत नाही. सांगणाऱ्याने भिंतीला पाठ लावून बसायचं आणि मुलांच्या पाठी दाराकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याकडे त्यांचं लक्ष जात नाही. १२ ते १५ मिनिटं, जास्त नाही. पुस्तकातून वाचण्यापेक्षा सांगा. सगळं पाठ करायला नको, पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं असलं की मधलं जमतं.

सहा दिवस एकच गोष्ट चालवते आणि रोज अडचणीत सोडते, नदीला पूर आलाय, होडीत जागा एकाचीच, बाकी उद्या. बुधवारपर्यंत मुलंच पुढचं सांगायला लागतात, तिथे प्रत्येक गटाला एक प्रसंग वाटून द्या. चार गट, चार प्रसंग, प्रत्येकी ३ मिनिटं, प्रसंगात सहा बाहुल्या. संवाद पाठ करायला लावू नका. प्रत्येक बाहुलीला एकच वाक्य नक्की, बाकी मनाने.

मोजणी आणि दार

दिवसातून चार वेळा मोजायचं: हजेरीला, पळायचे खेळ संपल्यावर, खाऊनंतर आणि घरी सोडण्याआधी. गटवाला मोठ्याने "सहा" म्हणतो, फिरता लिहितो. अंदाजाने "सगळे आहेत" चालत नाही. आकडा जुळला नाही तर सगळ्यांना जागेवर खाली बसवायचं, दार बंद करायचं, एकाने बाथरूम आणि एकाने दाराबाहेर बघायचं. पाच मिनिटांत सापडलं नाही तर पालक आणि पोलिस, दोघांनाही फोन, लाजायचं नाही. आमचा आकडा एकदा चुकला तेव्हा मूल वाळत घातलेल्या बाहुल्यांशी गप्पा मारत बसलं होतं, पण ती तीन मिनिटं मला अजून आठवतात.

बाथरूमला दोन-दोन मुलं, मोठा माणूस बाहेर उभा. कुठलाही हेल्पर एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नको, हा नियम तुम्हालाही लागू आहे, आणि पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितला की कोणाला वाईट वाटत नाही.

दर वीस मिनिटांनी पाणी, तहान लागली नसली तरी. डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय असं म्हणणारं मूल लगेच सावलीत, ओल्या फडक्याने अंग पुसायचं, थोडं थोडं पाणी. पण मूल असंबद्ध बोलायला लागलं, नीट जागं राहत नसलं किंवा बेशुद्ध झालं तर तो उष्माघात समजायचा, वाट न बघता अ‍ॅम्ब्युलन्सला फोन, आणि ती येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहायचं, नीट शुद्धीत नसलेल्याला पाजायचं नाही. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे नाही, पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं धरून ठेवायचा, मधेमधे सोडून बघू नका. डोक्याला मार लागला तर मूल हसत असलं तरी पालकांना त्याच दिवशी सांगायचं. उलटी झाली, झोप येऊ लागली, डोकेदुखी वाढत गेली तर लगेच डॉक्टर. जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि तुमच्या जागेचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून भिंतीला लावा, घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही सांगता येत नाही.

सोडताना दार एकच. फॉर्मवर ज्याचं नाव आहे त्याच्याच हातात मूल द्यायचं. एकदा एक काका आले, "आईनेच पाठवलंय मला", मुलगाही त्यांना ओळखत होता, आमच्या दादाने तरी आईला फोन लावला. काका जरा चिडले. आई म्हणाली हो पाठवलंय, सॉरी, सांगायचं राहिलं. संध्याकाळी तीच आई फोन करून म्हणाली की विचारलंत ते बरं केलंत.

शनिवार

चादर दोरीवर टाकून पडदा, मुलं मागे गुडघ्यांवर, पालक समोर चटईवर. साडेनऊला सुरू, दहाला संपलं पाहिजे. पालक आले की मुलं आधीच आपापल्या आईबाबांकडे पळतात आणि मोजणीचा बट्ट्याबोळ होतो, म्हणून बाहुली परत देतानाच मूल पालकांच्या हाती द्यायचं आणि यादीवर टिक करायची. एखादं डोकं नाटकात मोडतंच, जास्तीचा टेप जवळ ठेवा.

संध्याकाळी जमाखर्च एका पानावर लिहून सगळ्या पालकांना पाठवा, उरलेले पैसे किती आणि कुठे जाणार तेही. मागून आणलेल्या चटया आणि चादरी त्याच दिवशी परत करा. आणि भरलेले फॉर्म, ज्यावर मुलांचे आजार आणि फोन नंबर आहेत, ते रद्दीत टाकू नका, बसून बारीक फाडा.